‘विम्याची तत्त्वं : तीन पानांत’ या आमच्या नोट्सवरील तक्रारीला उत्तर

“दोन तारे. अख्खं प्रकरण तीन पानांत कोंबलंय. दोन-दोन ओळींच्या व्याख्या आणि खाली गोष्टी. विमाहित ‘विमा घेताना आणि नुकसान होताना, दोन्ही वेळी हवं’ असं पाठ केलं. परीक्षेत आयुर्विम्याचा प्रश्न आला आणि तिथेच गुण गेले. उदाहरणंही शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची. पैसे वाया.”

नमस्कार,

गुण गेले ते आमच्या पानामुळे. माझ्या मूळ मसुद्यात तिथे तीन वाक्यं होती. पान ओसंडत होतं म्हणून दोन उडवली. उरलं ते आगीच्या विम्याचं वाक्य, आणि सगळ्या विम्यांचं म्हणून तेच छापलं गेलं. माफ करा.

विमाहित म्हणजे ती वस्तू किंवा तो जीव गेला तर आपलंच आर्थिक नुकसान होईल, असा संबंध. उडवलेली दोन वाक्यं अशी. आयुर्विम्यात विमाहित पॉलिसी घेताना असलं की पुरतं. बायकोने नवऱ्याच्या आयुष्यावर स्वतःच्या नावाने पॉलिसी घेतली, पुढे घटस्फोट झाला, तरी ती हप्ते भरत राहिली. त्याच्या मृत्यूनंतर ‘आता तुमचा संबंध उरला नव्हता’ म्हणून दावा नाकारता येत नाही. सागरी विम्यात उलट आहे : माल वाटेत असताना मालकी हातोहात बदलते, म्हणून नुकसानीच्या वेळी हित असलं म्हणजे झालं. आगीच्या विम्यात मात्र दोन्ही वेळी लागतं. गाळा विकला, खरेदीखत झालं, पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली आणि महिन्याभरात गाळा जळाला, तर जुन्या मालकाचं काही बुडालेलं नाही आणि नव्याकडे पॉलिसी नाही.

आता ‘इंग्रजांची उदाहरणं’. मकौरा खटला (1925) मी काढणार नाही. आयर्लंडमधल्या या जमीनदाराने आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं. सगळे शेअर त्याचेच होते, पण लाकडाचा विमा त्याने स्वतःच्या नावावर ठेवला. लाकूड जळालं आणि दावा फेटाळला गेला, कारण लाकूड कंपनीचं होतं, आणि शेअर सगळे असले तरी कंपनीच्या मालावर भागधारकाचं विमाहित नसतं. आपल्याकडे ‘कंपनी म्हणजे मीच की’ म्हणत प्रायव्हेट लिमिटेडच्या मालाचा विमा खासगी नावावर काढणारे आहेतच. व्याख्या महिन्याभरात पुसली जाते, जळालेलं लाकूड लक्षात राहतं. गोष्टी त्यासाठी आहेत, पान भरायला नाहीत.

नुकसानभरपाईच्या उदाहरणाबद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं मान्य. कॅस्टेलन विरुद्ध प्रेस्टन (1883) : घर 3,100 पौंडांना विकायचा करार झाला, व्यवहार पुरा होण्याआधी आग लागली, विमा कंपनीने विक्रेत्याला 330 पौंड दिले. नंतर खरेदीदाराने ठरलेली पूर्ण किंमतही दिली. विक्रेत्याच्या हाती पूर्ण किंमत आणि वर 330, म्हणजे आगीतून नफा. न्यायालयाने ते 330 पौंड कंपनीला परत द्यायला लावले. तत्त्व एवढंच की भरपाई झालेल्या नुकसानीएवढी, त्याहून एक पैसा जास्त नाही.

पण इंग्लंडात करार होताच जोखीम खरेदीदारावर गेली, म्हणून त्याने जळक्या घराचे पूर्ण पैसे भरले. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात नुसत्या विक्री करारामुळे खरेदीदाराचा घरावर हक्क निर्माण होत नाही. मालकी त्याच्याकडे गेल्यावरच नुकसान त्याचं होतं. त्यामुळे हा प्रसंग इथे सहसा असा घडणार नाही. तत्त्व लिहायला खटला वापरा, पण उत्तरात ‘भारतातही असंच होईल’ लिहिलंत तर परीक्षकाने गुण कापायला हरकत नाही. ही टीप आमच्या पानावर हवी होती. आणि हो, आयुर्विम्याला हे तत्त्व लागत नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत ठरवून तेवढीच भरून देता येत नाही.

परमोच्च विश्वासाच्या, म्हणजे विमा घेताना काही न लपवण्याच्या तत्त्वाच्या पानाबद्दल तुमची तक्रार नाही, पण तिथेही मी एक ओळ वाढवली आहे. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवून घेतलेल्या मेडिक्लेमचा दावा 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने नाकारू दिला, ते उदाहरण आधीपासून आहे. ते वाचून मुलं आयुर्विम्यालाही तेच कायमचं लावतात. आयुर्विम्यात विमा कायद्याचं कलम 45 आडवं येतं : 2015 च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षं उलटली की खोटी माहिती दिली होती, या कारणावरूनही तिला आव्हान देता येत नाही.

तीन पानांची आता साडेतीन झाली आहेत. जुनी प्रत असलेल्या कोणीही पावतीचा फोटो पाठवावा, दुरुस्त पानं फुकट मिळतील. तुम्हाला पूर्ण पैसेही परत देतो.

— संचालक