पीबीओने मृत्युदर वाढला, पण किती?

"पीबीओ दिल्यावर मृत्युदर वाढला, म्हणजे प्रतिकार चयापचयी आहे."

अर्धंच खरं. पीबीओ म्हणजे कीटकनाशक फोडणारी डासांची विकरं रोखणारं रसायन, आणि चयापचयी प्रतिकार म्हणजे अशा विकरांनी कीटकनाशक फोडून डासाने वाचणं. किती वाढला ते आधी बघा. समजा, ॲनोफिलिस गॅम्बी डासाच्या माद्यांवर नुसत्या ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाने २४ तासांनी ४० टक्के मृत्यू दिसले, आणि आधी तासभर ४ टक्के पीबीओच्या कागदावर ठेवून मग डेल्टामेथ्रिन दिल्यावर ७५. म्हणजे विकरं, बहुधा पी४५० गटातली, कीटकनाशक फोडत होती. पण आकडा ९८ पर्यंत, म्हणजे डास संवेदनशील मानण्याच्या मर्यादेपर्यंत, पोचला नाही, तेव्हा उरलेल्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. पहिला संशय केडीआरवर, म्हणजे कीटकनाशकाचं लक्ष्यच बदलणाऱ्या उत्परिवर्तनावर: सोडियम चॅनलमध्ये १०१४व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलॲलॅनीन. त्यासाठी वाचलेल्या आणि मेलेल्या डासांची पीसीआर तपासणी करा. नुसत्या पीबीओचा कंट्रोल मात्र विसरू नका (परीक्षेत हमखास विसरतात); त्यातच डास मेले तर तुलनाच बाद.