वर चौसष्ट, खाली शंभर

ऐरोलीत जत्रा लागली होती. पाळणेवाल्याने चारचौघांत विचारलं, "काका, वजन किती?" मी पंच्याहत्तर म्हणालो. त्याने मला एकदा न्याहाळलं आणि ओरडला, "जड पार्टी आली! समोरच्या डब्यात दोघं टाक रे!" दोन्ही बाजूंना भार सारखा हवा, मान्य. मी फिजिक्सच शिकवतो. पण ओरडायचं कशाला?

माझ्या डब्यात एक मावशी होत्या. हातात किलोभर खाज्याची पिशवी आणि पर्समध्ये चक्क हुकाचा स्प्रिंगकाटा. "सगळे मापात मारतात हो भाऊ," म्हणत त्यांनी पाळणा सुरू होताच पिशवी हुकाला लटकवली.

वर पोचलो, काटा ७८० ग्रॅम.

"बघा! पाव किलो खाल्लं मेल्याने!"

खाली आलो, १२२० ग्रॅम. मावशी गप्प. पुन्हा वर, ७८०. आता त्या माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या, जणू मी वरच्यावर खाजा काढून खातोय.

मी घड्याळ लावलं. एक फेरा १२ सेकंदांत, त्रिज्या अंदाजे ८ मीटर. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, म्हणजे सव्वादोनच्या आत-बाहेर. गुरुत्वाचे ९.८ धरले तर बावीस टक्के. "मावशी, वर असताना आपल्याला खाली वळवायचं असतं. ते काम गुरुत्वाकर्षणच करतं, म्हणून काट्याला कमी ओढावं लागतं. खाली मात्र पिशवी पेलायचीही आणि वर वळवायचीही, म्हणून काटा जास्त दाखवतो. तराजू आणला असता तर फरकच दिसला नसता, कारण वजनंही तेवढीच हलकी-जड झाली असती."

"तुम्ही त्या खाजेवाल्याचे कोण?"

वीस वर्षं शिकवतोय, पण असा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. वर्गात मुळात कुणी प्रश्नच विचारत नाही; सगळे क्लासला जातात, तिथे सूत्र पाठ करतात. जाऊ दे.

तेवढ्यात माणसं उतरवायला पाळणा थांबला, आम्ही नेमके टोकावर. काटा बरोब्बर एक किलो. मी आनंदाने जवळजवळ उभाच राहिलो. "बघा! उंची तीच, वेग गेला, फरक गेला! पावणेसहा सेकंदांत एक फेरा झाला असता तर इथे काट्याने शून्य दाखवलं असतं!"

"मग माणसं कुठे गेली असती?"

"सीटवरून सुटायच्या बेतात."

मावशींनी दांडा घट्ट धरला आणि मनात काहीतरी हिशेब केला. माझाही झाला होता. घरच्या काट्यावर मी ८२. म्हणजे दर बारा सेकंदांनी क्षणभर ६४, आणि लगेच शंभर. शंभर रुपयांच्या तिकिटात एवढंच सुख, तेही कुणी बघायला नाही.

उतरताना पाळणेवाला पुन्हा ओरडला, "जड पार्टी, सावकाश!"

मावशी पिशवी सावरत मागून म्हणाल्या, "भाऊ, मघाशी पंच्याहत्तर सांगितलंत, ते वरचं की खालचं?"