आजीचं बोट किती अंशांचं?

माझी भाची नववीत आहे आणि काही निवडायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. चपलांच्या दुकानात तिसरा जोड समोर आला की ही रडवेली. विज्ञान प्रकल्पाचा विषय सोमवारी द्यायचा होता. शनिवारी संध्याकाळी ती माझ्या आईकडे आली तेव्हा वहीत ३१ विषय लिहिलेले होते आणि ३१च्या ३१ खोडलेले होते. प्रत्येकापुढे कारण होतं. 'सगळे करतात.' 'सामान मिळणार नाही.' 'सर प्रश्न विचारतील.' हे शेवटचं कारण मी मोजलं, नऊ वेळा होतं.

मीही शहाणपणा केलाच. सौर चूल सुचवली, पाणी गाळायचं यंत्र सुचवलं. तिने दोन्ही लिहून घेतले आणि माझ्यासमोरच खोडले.

माझं मत आधीच सांगून टाकते, भांडायचं असेल त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आपण मुलांकडे विषय मागतो, आणि तिथेच सगळं बिनसतं. ज्वालामुखीचं मॉडेल करणाऱ्या पोराला फेस वर येणार हे आधीपासून माहीत असतं. मग त्याला फक्त दोनच गोष्टी करता येतात: फेस आणणं किंवा फजिती होणं. घाबरट मुलाला यातली दुसरीच दिसते. माझ्या भाचीचं नेमकं तेच झालं होतं.

तर ती वही मिटून स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती आणि आई दूध विरजायला घेत होती. तापवलेलं दूध खाली उतरवून ठेवलेलं. आईने साय बाजूला सारली, करंगळीशेजारचं बोट दुधात बुडवलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं आणि बोट काढून म्हणाली, "अजून नाही." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आता घाल चमचाभर."

"आजी, आता म्हणजे किती?"

"किती म्हणजे? आता म्हणजे आता."

"पण किती गरम?"

"दहापर्यंत बोट ठेवता आलं पाहिजे, आणि अकराला काढावंसं वाटलं पाहिजे."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर होता, मीच कधीतरी हौसेने आणलेला आणि नंतर खणात पडून राहिलेला. तिने तो दुधात खुपसला. ४३. ती काही बोलली नाही, पण वही उघडली. तिचा प्रकल्प तिथे सुरू झाला. विषयाचं नाव तिला पुढचे तीन दिवस सुचलं नव्हतं, प्रश्न मात्र होता: आजीचं बोट दर वेळी ४३ लाच थांबतं का?

रविवारी सकाळी मोजणी. दर वेळी दूध कुठून आणणार, म्हणून गरम पाणी घेतलं. आईने लगेच हरकत घेतली की पाण्याचं बोट वेगळं आणि दुधाचं वेगळं. म्हणून दहातल्या दोन वेळा दूध घ्यायचं ठरलं (ते दूध नंतर विरजलं नाही, त्यात बोटं फिरली होती). थर्मामीटरचा आकडा आईला दिसणार नाही असा धरायचा, पाणी हळूहळू निवू द्यायचं, मध्ये मध्ये बोट बुडवायचं आणि आई "आता" म्हणाली की आकडा लिहायचा. दहापैकी नऊ आकडे ४२ ते ४५ च्या आत आले, दुधाचेही त्यातच. मग भाचीने स्वतःचं बोट तपासलं. तिचे आकडे ३७ पासून ४४ पर्यंत कुठेही.

ती हिरमुसली. "मला येतच नाही." मी विचारलं, तू "आता" कधी म्हणतेस? म्हणाली, कोमट वाटलं की.

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबते. कोमट हे आपण आपल्या त्वचेच्या त्या क्षणीच्या तापमानाशी ताडून ठरवतो. एक हात थंड पाण्यात आणि एक गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग दोन्ही एकाच साध्या पाण्यात घाला. एक हात म्हणेल गरम, दुसरा म्हणेल गार. भाचीचं बोट दर वेळी वेगळ्या पायरीवर उभं राहून मापत होतं. आई कोमटपणा बघतच नव्हती. ती बघत होती बोट काढावंसं कधी वाटतं ते, म्हणजे टोचायला कधी लागतं ते. आणि टोचण्याला बरीचशी ठरलेली जागा आहे. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की ते उघडतं आणि भाजल्याचा निरोप मेंदूकडे जातो. मिरचीने तोंड पोळतं तेही याच प्रथिनामुळे. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढतच डेव्हिड ज्युलियस यांनी ते शोधलं आणि त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. म्हणजे आईच्या बोटात एकच खूण असलेला थर्मामीटर आहे, आणि ती खूण नेमकी ४३ च्या आसपास आहे.

आता विरजणाची बाजू. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक गोळे एरवी एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दूध पातळ राहतं. सामू हे आंबटपणाचं माप, आम्ल वाढलं की त्याचा आकडा उतरतो. तो साडेसहाच्या वरून ४.६ च्या जवळ आला की हे लोटणं संपतं, गोळे एकमेकांना धरतात, त्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकतं. हेच दही. हे काम सगळ्यांत झपाट्याने करणाऱ्या जिवाणूंना ४० ते ४५ अंश मानवतात. बोटाची खूण आणि जिवाणूंची आवड एकाच ठिकाणी पडली आहे. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटतं, पण त्याच्या जोरावर थर्मामीटर नसताना घरोघरी दही लागत आलं.

भाचीला हे पुस्तकातून पटेना. बरं झालं. तिने चार वाट्या घेतल्या, प्रत्येकीत १०० मिली दूध, ३०, ३७, ४३ आणि ५५ अंशांचं, आणि प्रत्येकीत एकेक छोटा चमचा विरजण. रात्री झाकून ठेवलं. सकाळी पाहिलं तर चारही वाट्यांत दही! ५५ वालं जरा पातळ, बाकीची तीन सारखीच. ती थेट रडायलाच लागली. प्रकल्प फसला, आजीचं बोट फुकट, सरांना काय सांगू.

फसलं काहीच नव्हतं, वाटी लहान होती. एवढंसं दूध तासा-दीड तासात खोलीच्या तापमानाला येतं. म्हणजे तिने चार तापमानांवर दही लावलंच नव्हतं, चारही वाट्या रात्रभर जवळपास एकाच तापमानाला होत्या. शिवाय सकाळी सगळे शर्यत संपवून बसलेले. कोण आधी पोचलं ते कसं कळणार? आई पातेलं जाड फडक्यात का गुंडाळून ठेवते, हा प्रश्न तिला तेव्हा पडला. मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही तोवर ते कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला वाट्या गरम पाणी भरलेल्या खोक्यांत ठेवल्या, थंड पेयांसाठी असतात तसल्या. दर अर्ध्या तासाने पाण्याचं तापमान बघायचं, उतरलं असेल तर गरम पाण्याची भर. प्रत्येक तापमानाला तीन वाट्या केल्या, कारण दही लागलं का बघायला वाटी कलती केली की अर्धवट धरलेलं जाळं मोडतं आणि पाणी सुटतं. पहिल्या वाटीतून फक्त थेंब घेऊन सामूच्या पट्टीवर टाकायचा, दुसरी कलती करून पाहायची, तिसरीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आणि एक वाटी बिनविरजणाची, ४३ अंशांवर. ती कशाला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दूध नुसतं उबेने घट्ट होत नाही हे कशावरून?

४३ ची वाटी पावणेपाच तासांनी कलती केली तर हलली नाही. पट्टीचा रंग साडेचार आणि पाचच्या मधला. ३७ ला साडेसहा तास लागले. ३० ची दहा तासांनीही कडेने ओघळत होती. ५५ चं दूध दूधच राहिलं, पट्टी सुरुवातीला जो रंग दाखवत होती तोच. बिनविरजणाची वाटीही त्या वेळपर्यंत तशीच. पहिल्या खेपेला ५५ वालंही दही कसं झालं, तेही यातूनच सुटलं: तेव्हा दूध लवकर निवलं आणि वाचलेले जिवाणू कामाला लागले.

हे आकडे आईच्या विरजणाचे आहेत. तुमच्या विरजणात जिवाणूंची सरमिसळ वेगळी असेल, तर वेळही वेगळा येईल. काही विरजणं ३० ला जास्त खुशीत असतात.

आता दहावा आकडा. आईच्या दहा मोजण्यांपैकी नऊ आत होत्या असं वर म्हटलं. सातव्या वेळी ती ४७ ला "आता" म्हणाली होती. भाचीने पक्क्या वहीत उतरवताना तो गाळायचं ठरवलं, चूक दिसते म्हणून. मी गाळू दिला नाही, त्यावरून आमचं चांगलं वाजलं. शेवटी ती आजीलाच विचारायला गेली. आई म्हणाली, "त्याच्या आधी भांडी घासली होती ना मी, हात गारठले होते."

भाची बराच वेळ गप्प. मग स्वतःचे हात गार पाण्यात धरून तिने पुन्हा मोजलं. तिचं "कोमट" खाली सरकलं, ३६ वर आलं. आजीचं वर गेलं होतं, हिचं खाली. तिने मला समजावलं ते असं: गार बोटाला साधं पाणीही गरम भासतं, म्हणून ते आणखी निवेपर्यंत मी थांबते. पण गार बोटाची कातडी आतपर्यंत ४३ ला पोचायला वेळ लागतो, तोवर आजीचे दहा मोजून होतात.

सोमवारची मुदत केव्हाच टळली होती, सरांनी दोन ओरडे घालून आठवडा वाढवून दिला. सादरीकरणाच्या दिवशी त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून पहिला प्रश्न विचारला तो ४७ चाच. तक्त्याच्या खाली तिने बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'क्र. ७ – आजीने नुकतीच भांडी घासली होती.'