प्रेषकाच्या रकान्यात न मावणारे नाव

जुन्या शहरी गल्ल्यांचा विस्मृत इतिहास सांगणाऱ्या ईमेल वार्तापत्राचे नकाशे जुळवून झाले होते, पहिले दोन लेखही लिहून झाले होते. उरले होते फक्त नाव, आणि त्यासाठी नानांना बोलावण्याची सूचना माझी नव्हती, हे आधीच नोंदवून ठेवतो. मी ‘बोळ’ हे नाव सुचवले. नानांनी चष्मा काढला.

“बोळात काय असते रे?”

“इतिहास, नाना.”

“उंदीर असतात,” असे म्हणून त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उभे राहून वाचला: ‘विस्मृत-नगर-वीथी-इतिहास-शोध-पत्रिका’. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या, कारण नाना टाळ्या मोजतात.

मी शांतपणे सांगू लागलो की वार्तापत्राचे नाव मुखपृष्ठावर नव्हे, तर प्रेषकाच्या रकान्यात जगते. फोनवर तो रकाना एका ओळीचा असतो आणि त्यात न मावलेल्या नावाच्या जागी तीन टिंबे येतात, त्यामुळे या नावातले वाचकाच्या वाट्याला ‘विस्मृत-नगर-वी…’ एवढेच येईल. नानांनी क्षणभर विचार केला.

“मग वाचकांना फोन आडवा धरायला सांग. पहिल्याच अंकात तशी सूचना छाप.”

ती सूचना वाचण्यासाठी आधी अंक उघडावा लागेल, असे मी म्हणालो. त्यावर “तुझ्यात मुळात जिद्दच कमी,” हे उत्तर मिळाले.

पुढे मी पत्त्याचा मुद्दा काढला. कोणी तोंडी ऐकलेले नाव रोमन लिपीत शोधायला गेला, तर ‘वीथी’चे vithi लिहील, veethi लिहील किंवा veethee लिहील, यातले एकच संकेतस्थळ आपले असणार. “देवनागरीतच पत्ता घ्या,” नाना गरजले. तसा पत्ता मिळतो, पण यंत्रणा तो आतून xn-- ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या माळेत बदलते आणि काही ठिकाणी वाचकाला तीच माळ दिसते. असे अगम्य काही दिसले की सावध माणूस दुव्यावर बोट ठेवत नाही. “हा एक्सएन कोण?” एवढे विचारून नानांनी तो विषय संपवला.

मध्येच कोणीतरी ‘हरवलेल्या गल्ल्या’ सुचवले. गल्ल्या तर जागच्या जागी आहेत, हरवली आहे ती त्यांच्या नावामागची हकिकत. हे नाव ठेवले असते तर “आमची गल्ली अजून शाबूत आहे” अशी पत्रे आली असती. गल्ल्यांची नावे ठरवायला बहुधा कोणी बैठकही घेत नाही. लंडनच्या ज्या पुडिंग लेनमधून १६६६ ची मोठी आग पसरली, तिला पूर्वी तिथल्या एका पाटीवरून ‘रेड रोझ लेन’ही म्हणत, असे इतिहासकार जॉन स्टो याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले आहे. पुढे खाटीक जनावरांची आतडी आणि घाण त्या वाटेने थेम्सवरच्या होड्यांकडे नेऊ लागले, आणि ‘पुडिंग’ म्हणजे तेव्हा आतडी, म्हणून लोकांनी गुलाब सोडून आतड्यांचे नाव उचलले. हे मी नानांना सांगितले. “म्हणूनच आग लागली,” ते म्हणाले.

नानांचेच नाव मंजूर झाले आणि चाचणीचा अंक आम्ही सर्वांना पाठवला. ‘विस्मृत-नगर-वी…’ कोण, हे न कळल्याने नानांनी तो ‘स्पॅम’ म्हणून कळवून टाकला. वर मलाच फोन: “काल कुठल्यातरी नगरपालिकेचा भामटा आला होता, मी त्याचा बंदोबस्त केला. आपला अंक कधी येतो?”

हसण्यासारखे असले तरी मला अजून हसू येत नाही. मोठ्या संख्येने टपाल धाडणाऱ्यांसाठी जीमेलने २०२४ च्या फेब्रुवारीत नियम कडक केले, आणि तिथे तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांना पोहोचू न देण्याची अपेक्षा आहे, म्हणजे हजार अंकांमागे तीन नानाही चालत नाहीत. आमची यादी फार लहान असली तरी ही अपेक्षा लहान प्रेषकांकडूनही आहे, आणि त्यामागचे कारण सरळ आहे: प्रेषक ओळखू आला नाही की माणूस वर्गणी रद्द करण्याची कळ शोधत बसत नाही, सरळ तक्रार नोंदवतो, आणि अशा तक्रारी साचल्या की इतरांचे अंकही नको असलेल्या टपालात जाऊ लागतात. बरे, पुढे कंटाळून पत्ता बदलावा, तर नव्या पत्त्याला जुन्याची पत मिळत नाही. ती शून्यापासून कमवावी लागते. म्हणून नाव सुरुवातीलाच नीट ठेवायचे असते, आणि नेमके तेच काम आपल्याकडे वयाच्या क्रमाने वाटले जाते.

आता प्रेषकाच्या रकान्यात ‘बोळ’ आहे. नानांचे संपूर्ण नाव अंकाच्या माथ्यावर नक्षीदार चित्राच्या रूपात झळकते आणि ते पाहून ते समाधानी आहेत. अनेकांच्या ईमेलमध्ये चित्रे आपोआप उघडत नाहीत, हे मी त्यांना सांगितलेले नाही.