छतातला शॉवर की भिंतीतला : प्रश्न टाकीच्या उंचीचा आहे

“रेन शॉवर छतातूनच घ्या. भिंतीतून दांडी काढली की प्रेशर मरते. छतातून पाणी सरळ खाली येते, म्हणून गच्चीवरच्या टाकीवरही तो जोरात चालतो. आणि प्लेट जितकी मोठी, तितके पाणी जास्त.” बाथरूम करताना असा सल्ला ऐकायला मिळतो, पण टाकीच्या पाण्यावर तो टिकत नाही.

टाकीच्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीमुळे. टाकीतील पाण्याची पातळी आणि शॉवरची प्लेट यांच्यात जितके अंतर, तितका दाब. दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे एका मीटरला त्याचा दहावा हिस्सा. नळी मधे कितीही खाली उतरून पुन्हा वर चढली, तरी या हिशेबात भर पडत नाही. प्लेट जितकी वर न्याल तितकी ती टाकीच्या जवळ जाते, आणि तेवढा दाब कमी होतो.

नागपुरात मानेवाड्याकडे आमच्या नात्यातले एक दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरील बाथरूमचा स्लॅब फरशीपासून दहा फुटांवर, गच्चीवर तीन फुटांच्या स्टँडवर टाकी, आणि ती अर्धी भरलेली असताना पाण्याची पातळी स्लॅबच्या खालच्या बाजूपासून साडेपाच फूट वर. पीओपीच्या छतातून आखूड दांडी सोडली, तर प्लेट फरशीपासून साडेआठ फुटांवर येते आणि तिला सात फुटांचा, म्हणजे जेमतेम ०.२ बार दाब मिळतो. भिंतीतून दांडी काढून प्लेट सात फुटांवर ठेवली, तर साडेआठ फुटांचा दाब मिळतो. दाब वीस टक्क्यांनी वाढला, तरी पाणी सुमारे दहा टक्केच वाढते, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. फायदा लहान आहे, पण तो भिंतीच्या बाजूने आहे. टाकी तळाला गेली की हा फरक आणखी जाणवतो.

दांडीत प्रेशर मरते म्हणतात, तर तेही मोजता येते. अर्ध्या इंची, दीड फूट लांबीच्या दांडीत आणि तिच्या एका एल्बोत मिनिटाला दहा लिटर पाणी वाहत असतानाही होणारे नुकसान अर्ध्या फुटाच्या आतबाहेर असते; पाणी कमी असेल तर त्याहून बरेच कमी. शिवाय छतातल्या जोडणीलाही एल्बो लागतोच. पाणी खरे अडते ते नळ आणि शॉवर यांच्यात पाणी वळवणाऱ्या डायव्हर्टरच्या अरुंद वाटेत, क्षार साचलेल्या गाळणीत, आणि पुष्कळदा प्लेटच्या मानेत बसवलेल्या प्लास्टिकच्या लहानशा चकतीत. ही चकती जास्त दाबाच्या जोडणीत पाणी वाचवण्यासाठी असते. टाकीच्या पाण्यावर ती काढून पाहावी.

छताच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. आडवी, समतल प्लेट डोक्यावर नेमकी येते, आणि भिंतीतली दांडी जड प्लेटने वाकली तर पाणी एका कडेने गळू लागते. बारा इंची स्टीलच्या प्लेटचे सगळे वजन दांडीच्या टोकाला लोंबते आणि ते भिंतीतल्या एल्बोच्या आट्यांवर येते. म्हणून तो एल्बो पितळी आट्यांचा घेऊन चरीत सिमेंटने पक्का बसवावा. मात्र छतातल्या शॉवरसाठी नळी गच्चीवरून उघडी आणून स्लॅबला भोक पाडणे टाळावे: गळतीची जागा तयार होते, आणि मे महिन्यात त्या नळीतले पहिले पाणी अंगावर घेण्याजोगे नसते.

प्लेट मोठी केल्याने पाणी वाढत नाही, तेच पाणी जास्त छिद्रांत वाटले जाते. मानेवाड्याच्या घरी बारा इंची प्लेट लावली, तेव्हा मधल्या छिद्रांतून धार आली आणि कडेची नुसती ठिबकत राहिली. आठ इंची प्लेट लावल्यावर त्याच पाण्यात सगळी छिद्रे चालू झाली, तरी पावसाचा भास होण्याइतका जोर नव्हता. बोअरचे कठीण पाणी असेल, तर छिद्रांच्या रबरी टोकांवर क्षार बसून धारा तिरप्या उडू लागतात. तो दाबाचा दोष समजू नये, टोके अंगठ्याने चोळली की बहुधा सरळ होतात.

आठ इंची प्लेट नीट चालायला मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी हवे, म्हणजे पंधरा लिटरची बादली सुमारे दीड मिनिटात भरायला हवी. ही बादली खालच्या नळावर भरून पाहू नये. प्लंबर तिथलाच जोर दाखवतो, पण तो नळ प्लेटपेक्षा पाच-सहा फूट खाली असतो. शॉवरच्या तोंडाला पाइपचा तुकडा लावून, त्याचे टोक प्लेटच्या उंचीवर धरून भरावी. मानेवाड्याला अशी बादली भरायला जवळपास तीन मिनिटे लागली. तळमजल्यावर त्याच टाकीचा दाब ०.५ बारच्या आसपास जातो, त्यामुळे तिथे साधी प्लेट बरी चालते. वरच्या मजल्यावर स्टँड तीन फुटांनी उंच करून एक बार गाठता येत नाही. त्याला पाण्याची पातळी प्लेटपेक्षा तेहतीस फूट वर लागेल. तिथे टाकीतून निघणाऱ्या नळीवर प्रेशर पंप बसवावा लागतो, महापालिकेच्या नळावर कधीच नाही. पंप बसला की प्लेट छतात असो वा भिंतीत, उंचीतला दीड फूट कुणाच्या लक्षातही येत नाही.