सर्वनामाचं नाम शेजारीच असतं असं नाही

"इंग्रजीच्या एरर स्पॉटिंगची ट्रिक: सर्वनामाच्या लगेच आधीचं नाम बघा. एकवचन असेल तर इट, अनेकवचन असेल तर दे. जुळलं की वाक्य बरोबर, अर्थ लावत बसू नका."

"लगेच आधीचं नाम" इथेच गाडी घसरते. हे वाक्य घ्या: द लिस्ट ऑफ कँडिडेट्स वॉज प्रिंटेड लास्ट नाइट, बट दे हॅड टू बी करेक्टेड. जवळचं नाम कँडिडेट्स, अनेकवचन, म्हणून ट्रिकप्रमाणे दे बरोबर. पण दुरुस्ती उमेदवारांची करायची नव्हती, यादीची होती. 'ऑफ'नंतरचं नाम बहुतेकदा फक्त विशेषण म्हणून आलेलं असतं. ते बोटाने झाका आणि वाक्य पुन्हा वाचा. लिस्ट उरते, म्हणजे इट हवं.

"जुळलं की बरोबर" हे जास्त धोक्याचं आहे, कारण इथे चूक वचनात नसतेच. व्हेन द टँकर हिट द ब्रिज, इट वॉज डॅमेज्ड. टँकर एकवचन, ब्रिजही एकवचन. मग मोडलं काय? समजा, अधोरेखित 'इट वॉज'साठी चार पर्याय आहेत: इट वॉज, दे वर, दॅट वॉज, द ब्रिज वॉज. ट्रिक पहिल्यावर थांबते. 'दे वर' चालवलं तर दोन्ही मोडले असा नवाच अर्थ निघतो. 'दॅट वॉज'मध्ये सर्वनाम बदललं, गोंधळ तसाच राहिला. उरतो शेवटचा, आणि तोच बरोबर, कारण त्यात सर्वनाम काढून नाम ठेवलं आहे. नाम पुन्हा आलेला पर्याय कानाला जड वाटतो म्हणून मुलं तो आधी खोडतात. तसं करू नका. स्वतः लिहिताना, टँकर मोडला असं म्हणायचं असेल तर, दुसरी वाटही आहे: द टँकर वॉज डॅमेज्ड व्हेन इट हिट द ब्रिज. आता धडकणारा टँकरच, त्यामुळे इटबद्दल शंका राहत नाही.

आणि सर्वनाम एका नामाऐवजी आख्ख्या घटनेकडे बोट दाखवत असेल तर? द टाउन रेज्ड द वॉटर टॅक्स अँड कट द सप्लाय. दिस अँगर्ड पीपल. लोक कशावर चिडले, करावर की पाणीकपातीवर? दिसच्या पुढे नाम जोडा: दिस टॅक्स किंवा दिस कट. दोन्हींवर चिडले असतील तर दीज चेंजेस. पूर्णविराम काढून 'व्हिच अँगर्ड पीपल' करणारा पर्यायही दिलेला असू शकतो. त्यात तोच दोष शिल्लक राहतो. 'इन द नोटीस दे से' मधल्या देला तर मालकच नाही. तिथे सरळ 'द नोटीस सेज' घ्या.

एव्हरीवननंतरचं देअर मात्र वेगळं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन म्हणजे एपीएच्या शैलीपुस्तिकेच्या 2019च्या सातव्या आवृत्तीने एकवचनी दे मान्य केलं आहे; जुन्या उत्तरसूची मात्र 'हिज ऑर हर' मागू शकतात. तेव्हा परीक्षेआधी त्याच परीक्षेच्या मागच्या उत्तरसूची बघून ठेवा.