नाव खोडलं, माणूस राहिला

वापरकर्त्यांच्या डेटावर एआय मॉडेल शिकवणाऱ्या अ‍ॅप कंपन्यांचं म्हणणं असं असतं: «मॉडेल शिकवण्याआधी आम्ही नाव आणि मोबाइल नंबर काढून टाकतो. मग तो डेटा वैयक्तिक राहतच नाही, संमतीचा प्रश्नच येत नाही. शिवाय अ‍ॅप घेताना ‘मान्य आहे’ दाबलंय ना? नको असेल तर खातं डिलीट करा, विषय संपला.»

नावापासून सुरुवात करू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 विचारतो ते इतकंच: या माहितीवरून माणूस ओळखता येतो का? एखाद्या तक्त्यात फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ठेवला आहे असं धरा. 80 वर्षांचे दिवस गुणिले दोन लिंगं, म्हणजे साधारण 58,400 कप्पे. 10,000 वस्तीच्या ग्रामीण पिनकोडमधली माणसं त्यांत सारखी विखुरली, तर शंभरातले सुमारे 84 जण आपापल्या कप्प्यात एकटे सापडतात. (गुरुजींनी शाळेत 1 जून लिहिलेल्यांना थोडा आडोसा मिळतो, एवढंच.) हे नुसतं गणित नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. संशोधक लटान्या स्वीनी यांनी 20 डॉलरना तिथल्याच केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली आणि दोन्ही जुळवून राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद शोधली. त्या यादीत वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहाच जण होते, त्यांत तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच.

मोबाइल नंबर ‘काढला’ म्हणजे बहुतेकदा त्याचा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने बनवलेला सांकेतिक मजकूर, केलेला असतो. भारतीय नंबर 6 ते 9 ने सुरू होतो, म्हणजे शक्यता 400 कोटी. तक्त्यातला हॅश h असेल, तर त्या सगळ्या तपासायला इतकंच लागतं:

```
from hashlib import sha256
for n in range(6000000000, 10000000000):
    if sha256(str(n).encode()).hexdigest() == h:
        print(n)
```

सेकंदाला 10 लाख नंबर तपासले तरी 4,000 सेकंदांत, सव्वा तासाच्या आत, यादी संपते. गुप्त किल्ली वापरून केलेला हॅश बाहेरच्याला असा फोडता येत नाही. पण किल्ली कंपनीकडेच असते, त्यामुळे तिच्या दृष्टीने तो माणूस ओळखीचाच राहतो.

खरी गळती मात्र मोकळ्या मजकुरात होते, आणि मॉडेलला शिकवायला हवा असतो तो तोच. आरोग्य अ‍ॅपवरचा हा कल्पित निरोप बघा: «आशाताईंनी सांगितलं म्हणून आले. वाडीतल्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिसरी केमो झाली.» नावं गाळणारं साधन इथे अडखळतं. ‘आशाताई’ हे नाव आहे की आशा सेविका? ज्योती, प्रकाश, सागर ही नावंही आहेत आणि साधे शब्दही. त्यात ‘सुरेशने’, ‘सुरेशच्या’ असे प्रत्यय चिकटतात, म्हणून नुसत्या नावांच्या यादीशी शब्द ताडून भागत नाही. आणि सगळी नावं गळाली तरी त्या वाडीला मुख्याध्यापिका कोण हे सांगावं लागत नाही. म्हणून गाळलेल्या मजकुरातले दोनेकशे निरोप त्याच भागातल्या माणसाला वाचायला द्यावेत आणि ‘ही कोण?’ विचारावं. यंत्राच्या अचूकतेच्या टक्क्यापेक्षा त्याची उत्तरं जास्त सांगतात.

आता ‘मान्य आहे’चं. याच कायद्याच्या कलम 6 नुसार संमती विशिष्ट हेतूपुरती असते आणि त्या हेतूला लागेल तेवढ्याच डेटाला लागू होते. कायद्यातलं उदाहरणच टेलिमेडिसिन अ‍ॅपचं आहे: एका बाईंनी उपचारासाठी आणि फोनमधल्या संपर्कयादीसाठी, दोन्हींना होकार दिला, तरी उपचाराला यादी लागत नसल्याने तो होकार उपचारापुरताच धरायचा. डॉक्टरची वेळ घेण्यासाठी दिलेला निरोप मॉडेलच्या शिकवणीला वापरायचा, तर तो हेतू वेगळा सांगून वेगळा होकार घ्यावा लागेल. स्वतःच जाहीर केलेला डेटा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, हे खरं. पण हेल्पलाइनवरची चॅट जाहीर नसते. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संमतीची कलमं 18 महिन्यांनी लागू होतात. आज गोळा होणारा डेटा तेव्हाही वापरात असेल, म्हणून हा प्रश्न आत्ताचाच आहे.

राहिलं डिलीट. खातं पुसलं की तक्त्यातली ओळ जाते, पण त्या ओळीवरून शिकताना मॉडेलमध्ये बसलेले आकडे तसेच राहतात. 2021 मध्ये संशोधकांनी जीपीटी-2 या भाषा मॉडेलकडून शिकवणीतले 600 हून अधिक उतारे जसेच्या तसे काढून दाखवले, त्यांत लोकांची नावं आणि फोन नंबरही होते. मजकूर जितक्या वेळा पुन्हा येतो तितका तो पाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून एकसारख्या प्रती आधी काढाव्यात. शिकवणीत मुद्दाम खोटा नंबर पेरून ठेवावा आणि नंतर त्याच्या आधीचे शब्द देऊन मॉडेल तो ओकतं का ते पाहावं. संमती मागे घेतल्याने आधीची प्रक्रिया बेकायदा ठरत नाही, पण पुढची थांबवावी लागते. त्यासाठी कोणाची ओळ शिकवणीच्या कोणत्या तुकडीत गेली याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल, तर पुढच्या आवृत्तीतून नेमकं काय वगळायचं हे कंपनीलाच सांगता येणार नाही.